चिंचेने घासलेली पूजेची भांडी दोन-तीन दिवसांत पुन्हा काळी, हिरवी किंवा गुलाबी का पडतात, आणि ते कसं थांबवायचं

श्रावण लागला की खानदेशातल्या घराघरांत ही तक्रार हमखास ऐकू येते. कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, समई, ताम्हण, गडू, पळी-पंचपात्र, घंटा असं सगळं चिंच-मीठ लावून घासलं जातं. संध्याकाळी भांडी नव्यासारखी दिसतात. रविवारी स्थापना होते, सोमवारी विसर्जन होतं, आणि तोवर समईच्या सांध्यांत हिरवं, ताम्हणावर काळसर ढग आणि पितळी गडूच्या पोटावर गुलाबी चट्टे आलेले असतात. मग पुन्हा चिंच, पुन्हा मीठ, जास्त जोर, जास्त वेळ. पुढच्या खेपेला डाग आणखी लवकर परततात.

यात घासण्याचा कमीपणा क्वचितच असतो. बहुतेक वेळा आम्लाच्या आधी तेल नीट काढलेलं नसतं, आम्ल गरजेपेक्षा जास्त वेळ राहतं, आणि नंतर आम्ल आणि मीठ भांड्यावरून पुरतं निघालेलं नसतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महाग पडते.

चिंच नेमकं काय करते

तांब्यावरचा तपकिरी-काळा थर म्हणजे तांब्याची ऑक्साइडं. हिरवा थर बहुधा कार्बोनेटचा असतो, आणि मिठाचा संबंध आला असेल तर क्लोराइडचाही. चिंचेतलं टार्टारिक आम्ल आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल हे थर विरघळवतं आणि खालचा धातू उघडा पडतो. मीठ घातलं की हे काम झपाट्याने होतं, म्हणून चिंच-मिठाची जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

पण थर संपला म्हणून आम्ल थांबत नाही. हवा आणि ओल मिळाली की ते उघड्या धातूलाही हळूहळू खाऊ लागतं. ओल्या, जाड लेपाखाली हवा कमी पोचते, त्यामुळे तिथे हे सावकाश होतं. लेप वाळायला लागला की कडेला पातळ ओला पापुद्रा राहतो आणि तिथे हवा भरपूर मिळते. लेप वाळू दिलेल्या भांड्यावर वेटोळ्यासारखे डाग उठतात ते याच कारणाने. चिंच लावून भांडी उन्हात ठेवायची आणि तोवर बाकीची कामं उरकायची, ही सवय मोडली तरी निम्मी तक्रार कमी होते.

पितळेचं आणखी वेगळं आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि साध्या पितळी भांड्यांत जस्त साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्त असतं. आम्ल आणि मीठ मिळून आधी जस्त खातात. पृष्ठभागावर तांबं उरतं आणि पिवळं भांडं गुलाबी दिसू लागतं. म्हणून तांब्याला चालणारी कृती पितळेला जशीच्या तशी चालत नाही.

आधी डाग ओळखा

काळा डाग बोटाला काळं लावत असेल, तर ती काजळी आहे. काजळी म्हणजे कार्बन, तो कुठल्याच चिंचेत विरघळत नाही. समईच्या वातीजवळ आणि निरांजनाच्या काठावर हेच असतं. त्यावर चिंच चोळत राहिलं तर आजूबाजूचं पितळ झिजतं आणि काजळी तिथेच राहते. ती तेलासकट कोरड्या कापडाने, मग गरम साबणाच्या पाण्याने निघते.

समईच्या तेलाच्या वाटीत हिरवं, मेणचट, नखाने खरवडलं की चिकट लागणारं काही असेल, तर तो साधा कळंक नाही. तेल जुनं झालं की त्यात आम्लं तयार होतात आणि ती तांब्याशी मिळून हिरवा साबणासारखा पदार्थ बनवतात. तो तेलात मऊ पडतो. वाटीत थोडं गोडेतेल सोडून ती कोमट करून ठेवा, अर्ध्या तासाने कापडाने पुसा, मग गरम साबणाचं पाणी. चिंचेची वेळ त्यानंतर येते. आधी चिंच लावली तर तेलकट जागेवर ती बसतच नाही, बाजूला मात्र लख्ख होतं, आणि भांडं चट्ट्यापट्ट्याचं दिसतं.

हिरवा डाग कोरडा, घट्ट आणि सांध्यात किंवा नक्षीत असेल तर तो नेहमीचा कळंक, म्हणजे चिंचेचं काम. फिकट हिरवी पूड भांडं कोरडं ठेवूनही पुन्हा त्याच ठिपक्यातून येत असेल, तर मीठ धातूच्या खोलगट छिद्रात शिरलेलं आहे. त्यावर कुठलाही लेप उपयोगाचा नाही. भांडं आसुत पाण्यात बुडवून ठेवायचं आणि पाणी रोज बदलायचं, असं बरेच दिवस. इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरायचं पाणी दुकानात मिळतं तेच हे, पण बाटलीवर पाणी लिहिलंय की ॲसिड ते नक्की वाचून घ्या.

गुलाबी चट्टा पितळेवर असेल तर चिंच ताबडतोब थांबवा. त्याबद्दल पुढे येतंच.

लेप कसा करावा

एक मध्यम समई, एक गडू आणि एक ताम्हण इतक्यासाठी ५० ग्रॅम जुनी चिंच पुरते. मीठ लावून साठवलेली चिंच घेऊ नका, तिच्यातलं मीठ मोजता येत नाही. एक वाटी, म्हणजे सुमारे १५० मिली कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, कुस्करा, चिंचोके आणि शिरा गाळून टाका. उरलेल्या कोळात दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळा. पिठाने लेप उभ्या दांडीवरून ओघळत नाही आणि वाळायला थोडा जास्त वेळ लागतो. पितळेसाठी हा लेप असाच, बिनमिठाचा. तांब्यासाठी वेगळा काढलेल्या अर्ध्या लेपात पाव चमचा मीठ, त्याहून जास्त नाही.

लेप स्टीलच्या, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात करा. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात नको. आम्लात उतरलेलं तांबं ॲल्युमिनियमवर बसतं आणि पातेलंही खराब होतं.

चिंच नसेल तर लिंबू चालतं, पण अर्धं लिंबू थेट भांड्यावर फिरवलं की एका जागी जास्त रस लागतो आणि दुसऱ्या जागी कमी. रस वाटीत पिळून त्यात पीठ कालवलेलं बरं. नक्षीकाम खूप असलेल्या भांड्यांना लिंबूसत्त्वाचं पाणी सोयीचं: एक लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा, सुमारे ५ ग्रॅम. त्यात पितळ दोन-तीन मिनिटं बुडवून, मऊ ब्रशने फिरवून बाहेर काढायचं. चमचा वाढवला तर वेळ वाचत नाही, गुलाबीपणा मात्र लवकर येतो.

एक चूक फार फैलावली आहे. लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र कालवून फेसाळणारा लेप करतात. फेस पाहून वाटतं काहीतरी जोरात चाललंय. प्रत्यक्षात सोड्याने आम्ल मारलं आणि आम्लाने सोडा मारला, उरलं ते खारट पाणी. चिंचेत राख किंवा खडूची पूड मिसळली तरी तेच होतं. आम्ल आधी, धुणं मग, पूड शेवटी. एकावर एक नाही.

क्रम: पितळ आधी, तांबं नंतर

हा मुद्दा बऱ्याच घरांत माहीत नसतो आणि गुलाबी पितळेचं निम्मं उत्तर त्यातच आहे. काळ्या तांब्याच्या ताम्हणावरून निघालेलं तांबं त्या पाण्यात विरघळलेलं असतं. त्याच टोपात पितळी गडू टाकला की गडूतलं जस्त विरघळतं आणि त्याच्या जागी पाण्यातलं तांबं गडूवर बसतं. भांड्याला तांब्याचा पातळ मुलामा चढतो. तारेची घासणी त्याच पाण्यात वापरली तर लोखंडामुळे हे आणखी जोरात होतं. म्हणून पितळी भांडी आधी, ताज्या लेपात आणि ताज्या पाण्यात. नंतर तांब्याची. लेप एकदा वापरला की फेकायचा.

समजा घरात तीन तुकड्यांची पितळी समई, पितळी गडू आणि तांब्याचं ताम्हण आहे, आणि ते शनिवारी दुपारी करायचं आहे. समईचे सगळे आटे उलगडा. आटा अडकला असेल तर तेलाचे दोन थेंब सोडून थोडा वेळ थांबा, पक्कड लावू नका. तेल-काजळी कोरड्या कापडाने काढा आणि सगळी भांडी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. पाणी भांड्यावरून एकसंध पसरलं तर तेल गेलं. थेंब थेंब होऊन ओघळलं तर अजून आहे.

आता पितळेवर बिनमिठाचा लेप. दोन मिनिटं बोटांनी किंवा सुती फडक्याने फिरवत राहा, धातू पिवळा दिसला की लगेच धुवा. जिथे काळं उरलंय तिथेच पुन्हा दोन मिनिटं. पाच-सहा मिनिटांत जे निघालं नाही ते बहुधा काजळी, तेल किंवा जुना लॅकरचा थर असतो, आणि तो आम्लाने निघणारच नाही. आट्यांमध्ये लेप कोंबू नका. तिथे जुन्या टूथब्रशने लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवून लगेच धुवा.

ताम्हणाला मिठाचा लेप, तीन ते पाच मिनिटं. ते सालमन-गुलाबी, थोडं फिकट दिसू लागलं की झालं. हाच तांब्याचा खरा रंग. काहींना तो कच्चा वाटतो आणि ते अजून घासत बसतात. त्याची गरज नाही.

धुण्यात होणारी चूक

साध्या पाण्याने तीनदा धुतल्यावर एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून भांडं त्यात मिनिटभर बुडवा. आट्यांतून, ओतीव कडांतून, घंटेच्या लोलकाच्या कडीतून बारीक बुडबुडे आले तर समजा तिथे आम्ल दडलेलं होतं. बुडबुडे थांबेपर्यंत ब्रश फिरवा. मग सोडाही धुऊन काढा.

शेवटचं पाणी कुठलं यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे गावोगावी बोअरचं पाणी जड असतं. ते भांड्यावर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, चिंचेच्या अंशाशी मिळून पांढुरकी साय बसते, आणि ठिपक्याखाली ओल टिकून पुढचा डाग तिथूनच सुरू होतो. शेवटचा तांब्याभर हात फिल्टरच्या किंवा जारच्या पाण्याने करा. तेही नसेल तर पाणी उकळून, थंड करून, गाळ खाली बसल्यावर वरचं निवळ वापरा. त्याने सगळे क्षार जात नाहीत, पण बराच फरक पडतो.

लगेच पुसा. जुन्या धोतराचं किंवा साडीचं मऊ सुती कापड घ्या. आट्यांत कापडाची पीळदार वात फिरवा. पुसून झाल्यावरच पंधरा मिनिटं उन्हात ठेवा. ओलं भांडं थेट उन्हात ठेवलं की प्रत्येक थेंबाचा डाग पडतो. श्रावणात ऊन नसेल तर केस वाळवायचं यंत्र आट्यांवर दोन मिनिटं फिरवा. समई पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा आवळू नका.

यानंतर भांडी कापडाने धरा. घामातलं मीठ आणि आम्ल ताज्या उघड्या धातूवर बसलं की दोन दिवसांत बोटांचे ठसे काळे उमटतात. ठसे ओळखता येत असतील तर दोष चिंचेचा नाही.

गुलाबी झालेलं पितळ

आणखी आम्ल लावून हे जात नाही, वाढतं. खडूची बारीक पूड किंवा मलमलच्या कापडातून गाळलेली गोवरीची राख घ्या, पाण्याचे दोन थेंब टाकून ओलसर करा आणि मऊ कापडाने एकाच दिशेने हलक्या हाताने घासा. वरवर बसलेलं तांबं असेल तर थोड्याच वेळात पिवळं दिसू लागतं. बरंच घासूनही गुलाबीच राहिलं तर जस्त आतपर्यंत गेलेलं आहे. ते भांडं बफिंगच्या चाकावर धातू काढल्याशिवाय पिवळं होणार नाही. पातळ भांड्याला ते करू नये. तो रंग राहू द्यावा, पूजेला भांडं तरीही उत्तम चालतं.

रांगोळीची पूड घासायला घेऊ नका. काही रांगोळ्यांत गारेचे कण असतात आणि पितळेवर बारीक चरे पडतात. चऱ्यांत ओल आणि कुंकू अडकतं, आणि पुढच्या वेळी डाग तिथेच आधी येतो. देवघरातल्या टाकांना तर कुठलीच पूड नको. चेहऱ्याची उठावदार रेघ एकदा झिजली की परत येत नाही. पितळी टाक लिंबूसत्त्वाच्या सौम्य पाण्यात मिनिटभर ठेवून मऊ ब्रशने धुतले की पुरे. चांदीचे टाक या सगळ्यापासून वेगळे ठेवा, तांबं उतरलेल्या पाण्यात ते कधीच टाकू नका.

हे मुळीच नको

फरशी आणि संडास साफ करायचं ॲसिड. एका मिनिटात काळं जातं म्हणून मोह होतो. ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे: पितळेतलं जस्त वेगाने खातं, मागे क्लोराइड ठेवतं, आणि तेच क्लोराइड पावसाळी हवेत हिरवं होऊन फुटतं. त्याची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसाला घातक आहे. ब्लीचशी ते मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच एकटंही तांब्या-पितळेवर नको.

चिंच-लिंबाचं काम कडप्प्याच्या ओट्यावर किंवा शहाबादी फरशीवर करू नका. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. सांडलेल्या लिंबाने त्यांची चकाकी जाऊन पांढरा डाग राहतो, तो पुसून जात नाही. परात किंवा प्लास्टिकचं घमेलं घ्या.

लोहचुंबक चिकटत असलेली "पितळी" भांडी आतून लोखंडाची असतात, वर फक्त पितळेचा मुलामा. त्यांना आम्ल नको, ओलं फडकं पुरे. लॅकर मारलेल्या शोभेच्या समया आणि मूर्तींवरही चिंच चालत नाही, कारण लॅकर शाबूत आहे तिथे आम्ल पोचत नाही, आणि फाटलं आहे तिथून आत शिरतं. कलई केलेल्या भांड्याला लेप फक्त बाहेरून लावा. आतली कथिलाची पातळ कलई आम्लाने आणि घासण्याने जाते, आणि गेली तर कल्हईवाल्याकडेच जावं लागतं.

पूजेच्या दोन दिवसांत

तांब्याच्या कलशात पाणी, वर पानं आणि नारळ असं दिवसभर राहिलं की आतून पाण्याच्या पातळीशी काळी-हिरवी कड येते. पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे धातू जास्त खाल्ला जातो, म्हणून कलश कितीही चांगला घासलेला असो, ही कड येणारच. विसर्जनानंतर लगेच पाणी ओतून, धुऊन, पुसून ठेवलं तर ती साध्या साबणाने निघते. तशीच आठवडाभर राहिली तर चिंच लागते.

ओलं कुंकू आणि अक्षता ताम्हणात रात्रभर राहू देऊ नका. पंचामृत बिनकलईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात कालवून ठेवू नये. दही, मध आणि फळांचा आंबटपणा तांबं उतरवतो. असं कळकलेलं दही पोटात गेलं तर मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. अभिषेक ताम्हणात करा, पण प्रसादाचं पंचामृत चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत वेगळं ठेवा. ताम्हणातल्या तीर्थाला निळसर-हिरवी झाक दिसली तर ते प्यायला देऊ नका.

वर्षभरासाठी भांडी ठेवताना त्यांना रबरबँड लावू नका. रबरातलं गंधक धातूला लागतं आणि बरोबर रबराच्या रेषेत काळा पट्टा उठतो. लोकरीचं कापडही त्याच कारणाने नको. धुतलेल्या कोऱ्या मलमलीत गुंडाळून, वरून प्लास्टिकची पिशवी घालून तोंड बंद करा. आखाजीला पेटी उघडाल तेव्हा समईचा दांडा जरा तपकिरी झालेला असेल. तेवढ्यासाठी चिंच भिजवू नका, कोरड्या कापडावर चिमूटभर खडूची पूड पुरते.